शंभर शेअरचे काय झाले? माइंडट्रीच्या टेकओव्हर आणि विलीनीकरणाचा घरगुती हिशेब

एक कंपनी दुसरीला विकत घेणार अशी बातमी आली की टीव्हीवर मोठमोठे आकडे फिरू लागतात. इतक्या हजार कोटींचा सौदा, इतके टक्के हिस्सा, इतके कर्मचारी. पण ज्या घरात त्या कंपनीचे पन्नास-शंभर शेअर पडून आहेत, तिथे प्रश्न साधाच असतो. आपण काय करायचे? शेअर द्यायचे, बाजारात विकायचे की ठेवून द्यायचे?

हा प्रश्न आपल्या समाजातल्या बऱ्याच घरांना आता लागू होतो. व्याजाच्या मुदत ठेवी नकोत म्हणून अनेक कुटुंबे थोडे थोडे शेअर घेऊन ठेवतात आणि त्यातही माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांकडे ओढा असतो, कारण या कंपन्यांवर कर्ज कमी असते. म्हणून आम्ही उदाहरणही त्याच क्षेत्रातले घेतले आहे. बेंगळुरूची माइंडट्री ही कंपनी २०१९ मध्ये मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने रोख पैसे मोजून ताब्यात घेतली. पुढे २०२२ मध्ये ती लार्सनच्याच एलटीआय या आयटी कंपनीत विलीन झाली. म्हणजे एकाच कंपनीच्या भागधारकांनी साडेतीन वर्षांत दोन्ही प्रकार पाहिले : एकदा रोख रकमेची ऑफर, दुसऱ्यांदा शेअरच्या बदल्यात शेअर. हे दोन व्यवहार बाहेरून सारखे दिसतात, पण छोट्या भागधारकाचा हिशेब दोन्हींत वेगळा असतो. तोच समजून घेऊ या.

१८ मार्च २०१९ : ९८० रुपयांचा आकडा

माइंडट्रीत सर्वात मोठा हिस्सा होता कॅफे कॉफी डेचे मालक व्ही. जी. सिद्धार्थ आणि त्यांच्या कंपन्यांचा, २०.३२ टक्के. त्यांना तो विकायचा होता. १८ मार्च २०१९ रोजी लार्सनने तो सगळा हिस्सा शेअरमागे ९८० रुपये या दराने, सुमारे ३,२६९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. कंपनीच्या संस्थापकांना हे मान्य नव्हते. त्यांनी उघड विरोध केला. पण चारही संस्थापकांचा मिळून हिस्सा होता जेमतेम तेरा टक्के. बाकीचे शेअर गुंतवणूकदार संस्था आणि सामान्य लोकांकडे विखुरलेले होते. अशा कंपनीत संस्थापकाची मर्जी नसली तरी टेकओव्हर होऊ शकतो, कारण निर्णय शेवटी शेअर कोणाकडे आहेत यावर होतो.

इथे सेबीचा एक नियम छोट्या माणसाच्या कामी येतो. कोणी नोंदणीकृत कंपनीत २५ टक्के किंवा त्याहून जास्त मतदानाचा हक्क मिळवायला निघाला, तर त्याला बाकीच्या सर्व भागधारकांना ओपन ऑफर द्यावीच लागते, आणि तीही किमान आणखी २६ टक्के शेअर विकत घेण्याची. लार्सनने २०.३२ टक्क्यांच्या कराराबरोबरच बाजारातून १५ टक्क्यांपर्यंत शेअर घेण्याची ऑर्डर ब्रोकरला दिली होती. त्यामुळे २५ टक्क्यांची रेषा ओलांडली जाणार हे नक्की होते. लार्सनने २६ ऐवजी ३१ टक्क्यांसाठी ऑफर काढली, दर तोच, ९८० रुपये.

दर तोच का? कारण नियमच तसा आहे. मोठ्या विक्रेत्याला जो भाव करारात दिला, त्याहून कमी भाव सामान्य भागधारकाला देता येत नाही. त्याशिवाय जाहीर घोषणेपूर्वीच्या साठ व्यवहारी दिवसांची बाजारातली सरासरी आणि खरेदीदाराने मागच्या सहा महिन्यांत मोजलेला सर्वात जास्त भाव हेही पाहावे लागते. यातला जो आकडा मोठा, तो ओपन ऑफरचा किमान दर. नियम नसता तर मोठ्या मालकाला बंद खोलीत चांगला भाव मिळाला असता आणि छोट्यांच्या हाती काहीच लागले नसते.

प्रीमियम आधीच भावात मुरलेला असतो

बऱ्याच जणांची समजूत असते की टेकओव्हरची बातमी आली की शेअर वीस-तीस टक्के उडतो. जगभराचा अनुभव बघितला तर हे पुष्कळदा खरेही आहे. विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भाव वाढतो, कारण ताबा मिळवायला खरेदीदार जास्त मोजायला तयार असतो. माइंडट्रीच्या बाबतीत मात्र घोषणेच्या दिवशी बाजारभाव ९६० च्या आसपास होता. म्हणजे ९८० ची ऑफर जेमतेम दोन टक्के वर!

मग प्रीमियम गेला कुठे? सिद्धार्थ हिस्सा विकणार आणि लार्सन घेणार ही कुजबुज जानेवारीपासून वर्तमानपत्रांत सुरू होती. ज्यांनी तेव्हा अंदाज बांधून शेअर घेतले, त्यांनी भाव चढवला. घोषणा झाली तेव्हा मिळायचा तो फायदा बऱ्याच अंशी मिळून गेला होता. म्हणून घोषणा वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर घ्यायला धावणाऱ्याच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. त्याचा जास्तीत जास्त नफा त्या दिवसाचा भाव आणि ऑफरचा भाव यातला फरक, आणि सौदा फिसकटला तर तोटा मात्र मोठा.

घोषणेनंतर बाजारभाव ऑफरच्या जवळ घुटमळत राहतो. तो का, हे कळले की भाव वाचता येतो. ऑफर ९८० ची आहे आणि बाजारभाव ९७० आहे, तर बाजार म्हणतोय : सौदा होईल, फक्त पैसे हातात यायला दोन-तीन महिने लागतील. बाजारभाव ९०० वर आला, तर बाजाराला शंका आहे. परवानगी मिळणार नाही, किंवा आपले सगळे शेअर घेतले जाणार नाहीत. आणि भाव १,०५० वर गेला, तर बाजार म्हणतोय की खरेदीदार दर वाढवेल किंवा दुसरा कोणी जास्त बोली लावेल. ही दरी कुठल्याही सल्लागारापेक्षा प्रामाणिक बोलते, कारण तिच्यामागे लोकांचे पैसे लागलेले असतात.

शंभर शेअर दिले, सगळे घेतले का?

माइंडट्रीची ओपन ऑफर १७ जून २०१९ ला उघडली आणि २८ जूनला बंद झाली. शेअर जमा करायला नियमाप्रमाणे कामकाजाचे दहाच दिवस मिळतात. कंपनीच्या स्वतंत्र संचालकांच्या समितीने ९८० हा भाव रास्त असल्याचे मत दिले होते. असे मत देणे त्यांना बंधनकारक असते, आणि ते वर्तमानपत्रात छापून येते. वाचायला हवे ते हेच.

पण खरी मेख वेगळीच असते. ऑफर ३१ टक्क्यांची होती. बाजारात मोकळे शेअर त्याहून कितीतरी जास्त होते. लोकांनी मागितल्यापेक्षा जास्त शेअर जमा केले. अशा वेळी ‘आधी येईल त्याला आधी’ हा न्याय नसतो. प्रत्येकाचे शेअर प्रमाणात घेतले जातात आणि उरलेले डीमॅट खात्यात परत येतात.

याचा हिशेब कागदावर करून बघू. आकडे समजायला सोपे म्हणून धरले आहेत. समजा तुम्ही शंभर शेअर जमा केले आणि त्यातले ८० घेतले गेले. ८० गुणिले ९८० म्हणजे ७८,४०० रुपये मिळाले. २० परत आले. ऑफर संपल्यावर भाव ७६० वर आला, तर त्या वीसची किंमत १५,२००. एकूण ९३,६००. आता दुसरा भाऊ बघा. त्याने ऑफर चालू असतानाच बाजारात ९७० ला शंभरच्या शंभर विकून टाकले. त्याला मिळाले ९७,०००. कागदावर ९८० हा ९७० पेक्षा मोठा आहे, पण हातात जास्त पैसे दुसऱ्याच्या आले.

म्हणून ओपन ऑफरचा भाव एकटा बघून चालत नाही. किती टक्क्यांसाठी ऑफर आहे, किती लोक शेअर देतील, आणि परत आलेल्या शेअरचा भाव नंतर काय असेल हे तिन्ही जोडून बघावे लागते. आणखी एक गोष्ट : ओपन ऑफरमध्ये एकदा शेअर जमा केले की ते मागे घेता येत नाहीत. म्हणून शेवटच्या एक-दोन दिवसांपर्यंत थांबून, भाव बघून निर्णय घेतलेला बरा. फक्त ब्रोकरची स्वतःची मुदत अनेकदा अधिकृत मुदतीच्या आधी संपते, हे लक्षात ठेवायचे.

ऑफर बंद झाली, आधार गेला

ऑफरच्या शेवटी लार्सनचा हिस्सा सुमारे ६० टक्के झाला. जुलैमध्ये कामकाज पाहणारे तीन संस्थापक राजीनामा देऊन बाहेर पडले. तिमाहीचे निकालही कमजोर आले. ज्या भावाला ९८० चा टेकू होता तो टेकूच निघाला होता, आणि काही आठवड्यांत शेअर आठशेच्या खाली उतरला.

हे घडायला लार्सन वाईट मालक असण्याची गरज नव्हती. दोन कारणे मुळातच होती. पहिले, ज्यांनी केवळ ऑफरच्या फरकासाठी शेअर घेतले होते ते उरलेले शेअर विकून निघून गेले. दुसरे, आता कोणी तिसरा येऊन जास्त भाव देण्याची शक्यता संपली. साठ टक्के एकाच हातात गेल्यावर बोली कोण लावणार? ताबा मिळवण्यासाठी दिला जाणारा जादा पैसा एकदाच मिळतो, आणि तो मिळण्याची खिडकी बंद झाली होती.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. ज्यांनी शेअर दिले नाहीत आणि थांबले, त्यांनी २०२० चा कोविडचा धक्का सोसला आणि २०२१ संपता संपता त्याच शेअरचा भाव चार हजारांच्या वर गेलेला पाहिला. मग शेअर देणारे चुकले का? तसे म्हणता येत नाही. कोविडनंतर जगभरच्या कंपन्यांनी संगणकीकरणावर पैसा ओतला आणि भारतातल्या जवळपास सर्वच आयटी शेअरनी उसळी मारली. टेकओव्हर झाला म्हणून भाव चौपट झाला असे सांगणारा आणि टेकओव्हरमुळे कंपनी बुडाली असे जुलै २०१९ मध्ये सांगणारा, दोघेही घाई करत होते. ऑफरच्या वेळचा निर्णय दोन गोष्टींतला होता : आज ठरलेली रक्कम, की नव्या मालकाच्या हाताखालचा उद्या. ज्याला सहा महिन्यांनी मुलीच्या लग्नाला किंवा हजला पैसे लागणार होते, त्याचे उत्तर वेगळे असणारच.

खरेदीदाराच्या भागधारकाला कोणी विचारले?

आता नजर लार्सनच्या भागधारकाकडे वळवू. त्याच्या हातात कुठलीही ऑफर आली नाही. रोख पैसे देऊन दुसरी कंपनी घ्यायची असेल तर साधारणपणे खरेदीदार कंपनीचे संचालक मंडळच निर्णय घेते. पैसे मात्र भागधारकांचेच असतात.

लार्सनच्या बाबतीत हे जास्त टोचणारे होते. त्याच्या थोडे आधी कंपनीने ९,००० कोटी रुपयांचे स्वतःचे शेअर भागधारकांकडून परत घेण्याचा, म्हणजे बायबॅकचा, बेत आखला होता. दर होता १,४७५ रुपये. जानेवारी २०१९ मध्ये सेबीने त्याला नकार दिला, कारण उपकंपन्या धरून कर्जाचे प्रमाण नियमापेक्षा जास्त होत होते. जो पैसा भागधारकांकडे जायचा होता तो तसाच राहिला, आणि दोन महिन्यांत माइंडट्रीसाठी सुमारे १०,८०० कोटींपर्यंत खर्च करण्याची तयारी जाहीर झाली. लार्सन इतकी मोठी कंपनी आहे की या सौद्याने तिच्या भावात मोठी उलथापालथ झाली नाही. पण तत्त्व तेच राहते. खरेदीदार जितका प्रीमियम देतो तितका तो आपल्याच भागधारकांच्या खिशातून समोरच्याला देतो. तो परत मिळायचा असेल तर दोन्ही कंपन्या एकत्र येऊन तेवढी बचत किंवा तेवढा नवा धंदा झाला पाहिजे.

तो झाला नाही तर काय होते, याचे आपल्याकडचे मोठे उदाहरण टाटा स्टीलचे. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये टाटांनी इंग्लंडच्या कोरस या पोलाद कंपनीसाठी शेअरमागे ४५५ पेन्स देऊ केले. ब्राझीलची सीएसएन मैदानात आली आणि भाव चढत गेला. जानेवारी २००७ च्या शेवटी लिलाव झाला. सीएसएन ६०३ वर थांबली, टाटांनी ६०८ ला बोली जिंकली. कोरसचे भागधारक खूश झाले, रोख घेऊन मोकळे झाले. इकडे मुंबईत त्याच दिवशी टाटा स्टीलचा शेअर दहा टक्क्यांहून जास्त घसरला. सौद्याचा मोठा भाग कर्जावर होता. पुढच्याच वर्षी जगात मंदी आली. २०१६ मध्ये तिथल्या धंद्याचा एक मोठा विभाग टाटांना नाममात्र एक पौंडाला द्यावा लागला. ज्याने लिलाव जिंकला त्याच्याच भागधारकांनी किंमत मोजली.

तुमच्याकडे खरेदीदार कंपनीचे शेअर असतील तर बघायच्या गोष्टी दोनच : पैसा कुठून येतो आहे, साठवणीतून की कर्जातून, आणि सौदा कंपनीच्या स्वतःच्या आकाराच्या मानाने केवढा आहे. लार्सनसाठी माइंडट्री हा एक घास होता. टाटा स्टीलपेक्षा कोरस उत्पादनात कितीतरी मोठी होती.

मे २०२२ : आता रुपये नाहीत, प्रमाण

६ मे २०२२ रोजी दुसरा अंक सुरू झाला. माइंडट्री आणि एलटीआय एक होणार अशी घोषणा झाली. यावेळी कोणी रोख देणार नव्हते. माइंडट्रीच्या प्रत्येक १०० शेअरमागे एलटीआयचे ७३ शेअर मिळणार होते.

लोकांचा पहिला प्रश्न हाच होता की शंभरचे त्र्याहत्तर म्हणजे सत्तावीस शेअरचे नुकसान झाले का? नाही. एलटीआयचा एक शेअर माइंडट्रीच्या एका शेअरपेक्षा महाग होता. समजा एलटीआय ४,००० ला आहे. त्याला ०.७३ ने गुणले की २,९२० येतात. माइंडट्रीचा भाव २,९२० च्या आसपास असेल तर तुम्हाला ना फायदा झाला ना तोटा. प्रत्यक्षातही घोषणेच्या वेळी दोन्ही भावांचे प्रमाण ७३ च्या अगदी जवळ होते. म्हणजे प्रीमियम जवळपास शून्य.

असे का? कारण ताबा बदलणार नव्हता. दोन्ही कंपन्यांवर मालकी आधीच लार्सनची होती, एलटीआयमध्ये सुमारे ७४ टक्के आणि माइंडट्रीत सुमारे ६१ टक्के. आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकताना कोणी जादा पैसे देत नाही. ताब्याचा प्रीमियम २०१९ मध्ये दिला गेला होता, तो पुन्हा मिळणार नव्हता.

इथे छोट्या भागधारकाने एक बारीक गोष्ट ओळखायला हवी. लार्सनचा हिस्सा एलटीआयमध्ये जास्त होता. त्यामुळे प्रमाण जितके एलटीआयच्या बाजूला झुकेल तितका लार्सनला फायदा, आणि माइंडट्रीच्या सामान्य भागधारकाला तोटा. ७३ ऐवजी ६८ ठरले असते तर फरक कोणाच्या खिशातून गेला असता हे सांगायला नको. म्हणूनच अशा विलीनीकरणात स्वतंत्र मूल्यांकन अहवाल लागतो आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. भागधारकांचे मतदान होते, त्यात मत देणाऱ्यांपैकी मूल्याने तीन चतुर्थांश पाठिंबा हवा. प्रवर्तकाच्या गटाला नवे शेअर मिळणार असतील, तर सामान्य भागधारकांची मते वेगळी मोजून त्यांचेही बहुमत लागते. घरी ईमेलवर येणारी मतदानाची लिंक आपण न बघता पुसून टाकतो. पण प्रवर्तक दोन्ही बाजूंना असेल तेव्हा तेच एक मत प्रवर्तकाच्या मतांत बुडून जात नाही.

घोषणेपासून प्रत्यक्ष विलीनीकरणापर्यंत सहा महिने गेले. या काळात माइंडट्रीचा भाव एलटीआयच्या मागे बांधल्यासारखा चालला. एलटीआय पडली की माइंडट्री पडणार, कारण ठरले होते ते प्रमाण, रुपये नव्हते. रोख ऑफरमध्ये खरेदीदाराचा शेअर कोसळला तरी तुमचे ९८० हे ९८० च राहतात. शेअरच्या अदलाबदलीत खरेदीदाराच्या भावाचा धोका तुमच्याही वाट्याला येतो.

खात्यात काय दिसले

१४ नोव्हेंबर २०२२ पासून विलीनीकरण अमलात आले आणि कंपनीचे नाव एलटीआयमाइंडट्री झाले. शेअर कोणाला द्यायचे हे ठरवण्याची रेकॉर्ड डेट होती २४ नोव्हेंबर. त्या दिवशी ज्यांच्या खात्यात माइंडट्रीचे शेअर होते, त्यांचे ते शेअर गायब झाले आणि काही दिवसांनी नवे आले. मधल्या दिवसांत खाते उघडून बघणारा घाबरतो, पण हा नेहमीचा क्रम आहे. सगळे मिटल्यावर एकत्रित कंपनीत लार्सनचा हिस्सा ६८.७३ टक्के झाला.

ज्यांच्याकडे शंभरच्या पटीत शेअर नव्हते त्यांचे काय? पन्नास शेअरवर साडेछत्तीस येतात. अर्धा शेअर देता येत नाही. अशा सगळ्यांचे तुकडे एकत्र करून बाजारात विकतात आणि प्रत्येकाच्या बँक खात्यात त्याच्या वाट्याचे पैसे जमा होतात. ही छोटी रक्कम कुठून आली हे कळत नाही म्हणून लोक बुचकळ्यात पडतात.

कराचा हिशेबही समजून ठेवावा. भारतीय कंपन्यांच्या अशा विलीनीकरणात शेअरच्या बदल्यात शेअर मिळाले तर त्यावेळी भांडवली नफा कर लागत नाही. जुन्या खरेदीची रक्कम आणि तारीख नव्या शेअरला चिकटते. तुम्ही माइंडट्रीचे शंभर शेअर ९८० ने, म्हणजे ९८,००० रुपयांना घेतले असतील, तर एलटीआयमाइंडट्रीच्या प्रत्येक शेअरची तुमची खरेदी किंमत ९८,००० भागिले ७३, म्हणजे सुमारे १,३४२ रुपये. ब्रोकरच्या ॲपवर इथे अनेकदा शून्य किंवा भलताच आकडा दिसतो, म्हणून जुनी बिले जपून ठेवा. याउलट ओपन ऑफरमध्ये रोख घेतली की ती विक्रीच आहे. नफ्यावर त्याच वर्षी कर लागतो.

आपल्या घरांत अडते कुठे

पहिली अडचण वारसाची. अब्बांच्या नावावर शेअर आहेत, ते इंतकाल करून गेले, आणि दोन-तीन वर्षे कोणी खाते बघितलेच नाही, असे खूप घरांत असते. मयताच्या नावावरचे शेअर ओपन ऑफरमध्ये देता येत नाहीत. आधी ते वारसाच्या खात्यावर यायला हवेत आणि ते काम दहा दिवसांत होत नाही. विलीनीकरणात शेअर आपोआप बदलतात, म्हणून तिथे हक्क बुडत नाही. पण रोख ऑफरची मुदत एकदा गेली की गेली. आणि नॉमिनी म्हणून नाव असलेला मुलगा मालक होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका कुटुंबाच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे. ऑफरमध्ये आलेली रक्कम नॉमिनीच्या खात्यात पडली तरी बहिणींचा आणि आईचा हिस्सा वारसा कायद्याप्रमाणे निघतोच.

दुसरी गोष्ट हलाल-हरामच्या चाळणीची. तुम्ही शेअर घेतला तेव्हा त्या कंपनीचे कर्ज आणि व्याजाचे उत्पन्न मर्यादेत होते. विलीनीकरणानंतर हातात आलेला शेअर वेगळ्या ताळेबंदाचा असतो. दोन आयटी कंपन्या एकत्र आल्या तर फारसा फरक पडणार नाही. पण तुमची कमी कर्जाची कंपनी एखाद्या वित्त कंपनीत किंवा कर्जबाजारी समूहात विलीन झाली, तर जुनी चाळणी लागू होत नाही. नाव बदलल्यावर पहिला वार्षिक अहवाल आला की पुन्हा तपासावे. खरेदीदार कंपनीच्या बाबतीतही तेच. तिने कर्ज काढून दुसरी कंपनी घेतली, तर कालपर्यंत यादीत असलेला शेअर यादीबाहेर जाऊ शकतो.

पुढच्या वेळी असा लिफाफा किंवा ईमेल आला की आधी एवढेच शोधा : त्यात रुपये लिहिले आहेत की प्रमाण. रुपये असतील तर किती टक्क्यांसाठी, मुदत कधीपर्यंत, आणि बाजारभाव त्याच्या किती खाली आहे हे बघून निर्णय घ्या. प्रमाण असेल तर खरेदीदाराच्या भावाला त्या प्रमाणाने गुणा, आपल्या भावाशी ताडून पाहा, आणि प्रवर्तक दोन्ही बाजूंना आहे का ते तपासून मत द्या. माइंडट्रीचे शंभर शेअर ज्यांच्याकडे होते त्यांना साडेतीन वर्षांत हे दोन्ही हिशेब करावे लागले, आणि दोन्ही हिशेब पाचवी-सहावीच्या गणिताने जमणारे होते.